नदीला प्रदक्षिणा कशी घालतात?

देवळातील प्रदक्षिणा आपणां सर्वांना ठाऊक आहे. देव मध्ये, आपण भोवती, आणि देव सतत आपल्या उजव्या हाताला. ‘प्रदक्षिणा’ या शब्दातच ‘दक्षिण’ म्हणजे उजवा हा शब्द दडलेला आहे. ज्याला मान द्यायचा त्याला उजवी बाजू द्यायची, एवढी साधी कल्पना तिच्या मुळाशी आहे. देवाच्या जागी डोंगर असला तरी फारसे बिघडत नाही. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी त्र्यंबकेश्वरला हजारो माणसे ब्रह्मगिरीची फेरी करतात. ती सुमारे वीस किलोमीटरची आहे. तिबेटातील कैलास पर्वताची फेरी बावन्न किलोमीटरची आहे. तेथे हिंदू आणि बौद्ध यात्रेकरू पर्वत उजवीकडे ठेवून चालतात, आणि बोन पंथाचे लोक डावीकडे ठेवून उलट दिशेने येतात, त्यामुळे दोघे वाटेत समोरासमोर भेटतात. पण दिशा कोणतीही असो, डोंगर एका जागी उभा असतो. आपण त्याच्याभोवती चालत राहिलो की आपोआप पहिल्या जागी येतो.

नदीचे तसे नाही. नदी लांब असते आणि वाहती असते. तिला एका टोकाला उगम आणि दुसऱ्या टोकाला समुद्र असतो. मग तिच्या ‘भोवती’ जायचे म्हणजे कोठून? नर्मदेच्या परिक्रमेत या प्रश्नाचे उत्तर फार काटेकोरपणे दिलेले आहे. ते समजून घेतले म्हणजे तिचे पुष्कळसे विचित्र वाटणारे नियम एकाएकी सरळ दिसू लागतात. आमचे गाव शहादा-तळोदा रस्त्यावर असल्यामुळे दिवाळीनंतर पांढऱ्या कपड्यांतील, हातात दंड आणि कमंडलू घेतलेली ही माणसे आम्हांला नेहमी दिसतात. गावापासून नर्मदा उत्तरेला पन्नासेक किलोमीटरवर, पूर्ण सातपुड्याच्या पलीकडे! मग हे लोक आमच्या गावातून का जातात, हा प्रश्न लहानपणापासून माझ्या मनात होता. कॉलेजात आल्यावर ग्रंथालयातून गो. नी. दांडेकरांचे ‘कुण्या एकाची भ्रमणगाथा’ आणि जगन्नाथ कुंटे यांचे ‘नर्मदे हर हर’ ही पुस्तके आणून वाचली, आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना विचारीत गेलो. त्यातून जे कळले ते येथे मांडतो.

नर्मदा मध्य प्रदेशात अमरकंटक येथे उगम पावते आणि १३१२ किलोमीटर वाहत जाऊन गुजरातेत भरूचच्या पुढे खंभातच्या आखाताला मिळते. ती पश्चिमवाहिनी आहे. परिक्रमा म्हणजे तिच्या दोन्ही काठांनी एक सलग फेरी. म्हणजे सरळ हिशेबाने सव्वीसशे किलोमीटरच्या वर चाल झाली. परिक्रमा कोठूनही सुरू करता येते. ओंकारेश्वराहून बरेच लोक निघतात, कोणी अमरकंटकहून निघतात. जेथून निघाले तेथेच पोचले म्हणजे ती पूर्ण होते.

नियम तसे पुष्कळ सांगतात. केस-नखे कापू नयेत, साबण लावू नये, जवळ संग्रह करू नये, सदावर्तात मिळेल तो शिधा घेऊन स्वतः शिजवावे किंवा कोणी वाढील ते खावे. पण हे सारे नियम यात्रेकरूच्या वागणुकीचे आहेत. परिक्रमेला परिक्रमापण देणारे नियम दोनच. नर्मदा नेहमी उजव्या हाताला ठेवायची, आणि नर्मदेची धारा कोठेही ओलांडायची नाही. ओलांडली की परिक्रमा खंडित झाली. मग पुन्हा पहिल्यापासून आरंभ करायचा.

आता हे प्रत्यक्षात कसे घडते ते ओंकारेश्वराचे उदाहरण घेऊन पाहू. समजा, एक परिक्रमावासी कार्तिकी एकादशीनंतर ओंकारेश्वराच्या दक्षिण काठावरून निघाला. तेथे आधी संकल्प होतो, कन्यापूजन होते, शिऱ्याची कढई करून तिचा प्रसाद वाटतात, आणि एका लहान बाटलीत नर्मदेचे पाणी भरून घेतात. दक्षिण काठावर उभे राहिले की नदी उत्तरेला येते. ती उजव्या हाताला हवी असेल तर तोंड पश्चिमेकडेच करावे लागते. म्हणून तो समुद्राकडे चालू लागतो. बडवानीवरून, सातपुड्याच्या कडेने, राजपिपळा, अंकलेश्वर करीत तो नदीच्या मुखाशी जातो. तेथे उत्तर काठावर येऊन त्याचे तोंड पूर्वेकडे होते. आता नदी दक्षिणेला, म्हणजे पुन्हा उजवीकडेच! भरूच, गरुडेश्वर, महेश्वर, नेमावर, जबलपूरच्या बाजूने चढत तो अमरकंटकला येतो, उगमाला वळसा घालून पुन्हा दक्षिण काठावर उतरतो, आणि पश्चिमेकडे चालत ओंकारेश्वराला परततो. कागदावर नदी काढून त्यावर बोट फिरवून पाहावे म्हणजे सहज कळेल. देवळातील प्रदक्षिणेसारखीच ही घड्याळाच्या काट्याच्या दिशेची फेरी आहे, फक्त गाभारा १३१२ किलोमीटर लांबीचा आहे.

यात गंमत अशी की, ओंकारेश्वराहून निघालेला माणूस ओंकारेश्वराचे दर्शन मात्र शेवटी घेतो. कारण ते ज्योतिर्लिंग मांधाता बेटावर आहे. बेटाच्या दोन्ही बाजूंनी पाणी आहे, आणि बेटावर जाणे म्हणजे धारा ओलांडणे. म्हणून परिक्रमा चालू असताना दक्षिण काठावरच्या ममलेश्वराचे दर्शन घेतात आणि फेरी पूर्ण झाल्यावर बाटलीतले पाणी घेऊन बेटावर जाऊन ओंकारेश्वराला वाहतात. पूल समोर असतो, देऊळ डोळ्यांना दिसत असते, पण पाऊल टाकायचे नाही.

नकळत चूक होते ती बहुधा अशाच ठिकाणी. उन्हाळ्याच्या तोंडाला पाणी उतरते, वाळूचे पट्टे उघडे पडतात, आणि काठ समजून माणूस ज्यावर चालतो तो प्रत्यक्षात नदीच्या पोटातला बेटासारखा भाग असतो. त्याची आणि खऱ्या काठाची फारकत करणारी धार घोट्याएवढीसुद्धा असू शकते. आमच्याकडे मुक्कामाला थांबलेल्या एका वृद्ध महाराजांना मी विचारले, “मग कळते कसे?” ते म्हणाले, “बेटा, डाव्या हाताला नर्मदेचे पाणी दिसले की थांबायचे. जिथून आलास तिथून माघारी फिरायचे.” मला ही कसोटी फार आवडली. नकाशा नको, मोजमाप नको. याच कारणाने स्नानही काठावरच करतात, खोल पाण्यात शिरत नाहीत, मग पोहणे तर दूरच.

उपनद्यांचा प्रश्न वेगळा. त्या ओलांडाव्याच लागतात, नाहीतर एकेका उपनदीच्या उगमापर्यंत जाऊन यावे लागेल आणि फेरी जन्मभर संपणार नाही. उपनदी ही नर्मदेला मिळायला आलेली आहे, ती नर्मदा नव्हे. तेव्हा तिच्यातून उतरून जायला हरकत नाही. मात्र संगमाच्या अगदी तोंडाशी नर्मदेचे पाणी उपनदीत शिरलेले असते, म्हणून थोडे वर जाऊन उतार पाहतात.

आता राहिली ती दोन टोके. उगमाचे टोक सोपे आहे. अमरकंटकला जेथून नर्मदा प्रकटली असे मानतात त्याच्याही पलीकडून वळसा घेतला की झाले. खरी अडचण समुद्राच्या टोकाला आहे. दक्षिण काठावरच्या कठपोर किंवा विमलेश्वराच्या बाजूने नावेत बसून उत्तर काठावरच्या मिठी तलाईला उतरतात. मग येथे पाणी ओलांडले नाही का? याचे उत्तर असे देतात की, येथे नर्मदा संपलेली आहे. नाव जाते ती समुद्रातून. नदीच्या धारेवरून नव्हे, तर तिच्या शेवटाच्याही पलीकडून, जसा उगमाच्या पलीकडून वळसा घेतला तसाच. म्हणून ही नाव नदीच्या पात्रातून सरळ पलीकडे न जाता मुखाच्या बाहेरून जावी लागते. खंभातच्या आखातात भरती-ओहोटी फार मोठी असते. भरतीला नाव निघते आणि काही तासांत पलीकडे लागते. वेळ चुकली तर नाव चिखलात रुतून बसते आणि पुढच्या भरतीची वाट पाहावी लागते. त्यामुळे मुखाशी आलेल्या यात्रेकरूंना थांबून राहणे भाग पडते. नाव निघायची वेळ माणूस ठरवीत नाही. ती तिथी आणि चंद्र ठरवितात. तेथे बहुतेक जण बाटलीतले थोडे पाणी सागराला देतात आणि तेथले थोडे पाणी तीत घेतात.

ज्यांना हेही उत्तर पटत नाही असे काही थोडे साधक आहेत. ते समुद्राचे तोंडदेखील ओलांडीत नाहीत. ते मुखापासून एका काठाने उगमापर्यंत जातात, वळसा घालून दुसऱ्या काठाने मुखापर्यंत येतात, आणि मग आल्या वाटेने सगळे पुन्हा उलट चालतात. चाल दुप्पट होते, पाच हजार किलोमीटरच्या वर जाते. हिला जलहरी परिक्रमा म्हणतात. हे नाव ऐकल्यावर माझ्या डोक्यात एकदम प्रकाश पडला. महादेवाच्या देवळात आपण पुरी प्रदक्षिणा घालीत नाही. शाळुंकेतून अभिषेकाचे पाणी जेथून बाहेर जाते ती पन्हळ, म्हणजे सोमसूत्र, ओलांडायची नसते. पन्हळीपाशी जाऊन उलट फिरायचे, दुसऱ्या बाजूने पुन्हा पन्हळीपर्यंत यायचे. नर्मदा ही शंकराची कन्या मानलेली आहे. तिच्या पात्रातले गुळगुळीत गोटे बाणलिंग म्हणून पूजतात, आणि त्यांची प्राणप्रतिष्ठा करावी लागत नाही अशी समजूत आहे. म्हणजे पूर्ण नदी हेच एक शिवस्थान, आणि समुद्राला मिळणारे तिचे मुख ही पन्हळ! गावच्या लहानशा देवळातला नियमच येथे तेराशे किलोमीटरवर पसरला आहे. माझ्या अल्प समजुतीप्रमाणे हीच या परिक्रमेची किल्ली आहे. तिच्यात नवा असा नियम एकही नाही. घरच्या माणसाला देवळात जे लहानपणापासून येते तेच तो नदीभोवती करतो.

काळाचाही एक नियम सांगतात. तीन वर्षे, तीन महिने आणि तेरा दिवस. पुष्कळांना वाटते की, अंतर एवढे मोठे म्हणून काळ एवढा मोठा. पण हिशेब करून पाहा. हा काळ साधारण बाराशे दिवसांचा होतो. त्यात तीन चातुर्मास येतात. आषाढी एकादशीपासून कार्तिकीपर्यंत परिक्रमावासी एकाच ठिकाणी राहतो, कारण नद्या-नाल्यांना पूर असतो. तीन चातुर्मासांचे साधारण तीनशे साठ दिवस वजा केले तर आठशे चाळीस उरतात. सव्वीसशे किलोमीटरला आठशे चाळीसने भागले म्हणजे रोज तीन किलोमीटरच्या आसपास येते. तीन किलोमीटर म्हणजे तासाभराची चाल! आमच्या गावातली मुले शाळेत जायला याहून जास्त चालत होती. तेव्हा हा काळ चालण्याचा नाहीच. तो काठावर राहण्याचा आहे. गावोगावी थांबावे, पूजा-पाठ करावा, आजारी पडावे, बरे व्हावे, तिन्ही ऋतू तीन-तीन वेळा त्या काठावर पाहावेत, असा तो आखलेला आहे. आज पायी जाणारे बहुतेक लोक रोज वीस-पंचवीस किलोमीटर चालतात आणि पावसाळ्याच्या आत, चार-पाच महिन्यांत, फेरी संपवतात. मोटारीने जाणारे तर पंधरा-वीस दिवसांत परततात. त्यांना पुण्य कमी लागते की काय हे मी कसे सांगणार? पण उजव्या हाताचा आणि न ओलांडण्याचा असे दोन्ही नियम पाळूनही तिसरी एक गोष्ट, म्हणजे काठाशी झालेली ओळख, त्यात उरत नाही एवढे मात्र खरे.

आता आमच्या गावच्या प्रश्नाकडे येतो. जुन्या काळी बडवानीच्या पुढे दक्षिण काठाने जाणारी वाट शूलपाणीच्या झाडीतून जात असे. जुन्या वर्णनांत या झाडीचे नाव आले की लुटीची हकीकत हमखास येते. भिल्ल लोक वाटेत अडवीत, घोंगडी, भांडी, कपडे, शिधा सर्व काढून घेत, आणि लंगोटीवर सोडून देत. जीव घेत नसत. परिक्रमावासी त्यांना ‘मामा’ म्हणत आणि नर्मदामाईनेच आपले उरलेले ओझे उतरविले असे समजत. पुस्तकांतून हा प्रसंग नेहमी लुटल्या गेलेल्याच्या तोंडून येतो. माझ्याच वर्गात एक पावरा मित्र आहे. त्याचे मूळ गाव धडगावकडच्या नदीकाठचे. मी त्याला ही पाने वाचून दाखविली तेव्हा तो हसला आणि म्हणाला, “अरे, ज्याच्या घरी भांडे एक आणि घोंगडी अर्धी, त्याच्या दारावरून तुमचा साधू दोन घोंगड्या घेऊन जातो. त्याने तर संग्रह करायचा नाही असा नियम केलेला आहे ना? मग आमच्या आज्याने त्याचा नियमच पाळून दिला.” मी लुटीचे समर्थन करीत नाही. घाबरून मागे फिरलेलेही कित्येक असतील. पण नियमाची ही दुसरी बाजू कोणी लिहिलेली मला आढळली नाही, म्हणून येथे नोंदवितो. आज ही लूट राहिलेली नाही. उलट त्याच डोंगरातल्या पाड्यांवर चहा-भाकरी मिळते असे त्या वाटेने आलेले सांगतात.

पण आज ती वाटही पूर्वीची राहिलेली नाही. सरदार सरोवराची कोनशिला १९६१ साली बसली, अनेक वर्षांच्या वादानंतर २०१७ साली त्याचे लोकार्पण झाले, आणि २०१९ च्या सप्टेंबरात ते प्रथमच १३८.६८ मीटरच्या पूर्ण पातळीपर्यंत भरले. मागे सुमारे दोनशे चौदा किलोमीटरपर्यंत पाणी पसरले. मणिबेलीच्या परिसरातले जुने शूलपाणेश्वराचे देऊळ त्यात बुडाले, नवे देऊळ गोरा येथे बांधले. महाराष्ट्रातील अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतील तेहेतीस गावे बुडितात गेली. काठाची पायवाट तर पहिल्यांदाच गेली. आता एकेका उपनदीच्या दरीत मैलोन्‌मैल तुंबलेले पाणी शिरले आहे. ज्या ओढ्याला पूर्वी गुडघाभर पाण्यातून उतरत, त्याला आज अर्धा-एक दिवस वळसा घालावा लागतो.

म्हणून परिक्रमावासीयांपुढे दोन मार्ग उरले. काही जण अजूनही डोंगरातून, जमेल तितके पाण्याजवळून, धडगावच्या बाजूने जातात. पुष्कळ जण मात्र बडवानीहून खेतिया, शहादा, प्रकाशा, तळोदा, अक्कलकुवा असा सातपुड्याच्या पायथ्याचा हमरस्ता धरतात आणि गुजरातेत उतरतात. यामुळेच ते आमच्या दारावरून जातात. या वाटेवर त्यांना आठ-दहा दिवस नर्मदेचे दर्शनदेखील होत नाही. प्रकाशाला तर ते चक्क तापीच्या काठावर येतात! मग ही परिक्रमा झाली काय? डोंगरातून जाणारे म्हणतात की नाही. रस्त्याने जाणारे म्हणतात की झाली.

मी नियमाकडे पाहून विचार केला तर मला रस्त्याने जाणाऱ्यांचे म्हणणे अमान्य करता येत नाही. शहाद्याहून तळोद्याकडे तोंड केले की सातपुडा उजवीकडे येतो, आणि त्याच्या पलीकडे नर्मदा. म्हणजे पहिला नियम पाळला जातो. धारा कोठे ओलांडलेली नाही. म्हणजे दुसराही पाळला जातो. देवळातदेखील गाभाऱ्याला चिकटून प्रदक्षिणा घातली काय किंवा आवाराच्या भिंतीकडेने घातली काय, देव मध्येच राहतो. आणि दिसत नसलेल्या नदीची उणीव भरून काढायला ती बाटली असते. नदीपासून लांब गेल्यावर सकाळ-संध्याकाळ पूजा त्या बाटलीची होते. पूर्वी मला ती केवळ तीर्थ घरी नेण्याची बाटली वाटे. तिचा उपयोग असा आहे हे मला त्यांच्या मुक्कामात कळले.

याहून अवघड प्रश्न कालव्याचा आहे. सरदार सरोवराचा मुख्य कालवा धरणाच्या उजव्या, म्हणजे उत्तर बाजूने निघतो, गुजरातेतून ४५८ किलोमीटर जातो आणि पुढे राजस्थानात शिरतो. त्यातले पाणी नर्मदेचेच. उत्तर काठाने पूर्वेकडे जाणाऱ्याला हा कालवा आडवा येतो. नर्मदेचे पाणी ओलांडायचे नाही असा नियम शब्दशः धरला तर बिचाऱ्याला राजस्थानच्या वाळवंटापर्यंत जाऊन कालव्याच्या शेपटाला वळसा घालून यावे लागेल! अर्थात तसे कोणी करीत नाही. सर्व जण पुलावरून जातात. त्याचे समर्थन असे करता येते की, निषेध पाण्याचा नसून धारेचा आहे. उचलून नेलेले पाणी, मग ते तांब्यात असो, बाटलीत असो की कालव्यात असो, ती धारा नव्हे. हे समर्थन मला बरोबर वाटते. पण ते मान्य केले की लगेच पुढचा प्रश्न उभा राहतो. धरणाच्या मागचे दोनशे किलोमीटरचे थांबलेले पाणी, ती तरी धारा आहे काय? मी हा प्रश्न तीन-चार परिक्रमावासीयांना विचारला. एक म्हणाले, “माई झोपली आहे.” दुसरे काहीच बोलले नाहीत, नुसते “नर्मदे हर” म्हणाले. तिसऱ्या एका नाशिककडच्या बाई होत्या. त्या म्हणाल्या, “पाणी वाहो की थांबो, आम्ही चालतोय ना?”

हे सर्व करून मिळते काय, असे कोणी विचारील. स्कंदपुराणाच्या रेवाखंडात नर्मदेचे माहात्म्य आहे, आणि मार्कंडेय ऋषींनी तिची परिक्रमा केली अशी परंपरा आहे. गंगा स्नानाने पावन करते आणि नर्मदा केवळ दर्शनाने, असे तर लोक नेहमीच म्हणतात. यावर एक साधा प्रश्न निघतो. दर्शनानेच पावन होता येते तर तीन वर्षे फिरायचे कशाला? मला वाटते, दर्शन एका घाटावर होते आणि ती त्या घाटापुरती नदी असते. फेरी घालणाराला मात्र तिचा एकही तुकडा वगळता येत नाही. सुंदर घाट घेतला आणि काट्याकुट्याचा काठ सोडला असे त्याला करता येत नाही. रेघ कोठेही तुटली की प्रदक्षिणा राहत नाही. शिवाय नदी मध्ये ठेवायची म्हणजे तिच्यात शिरायचे नाही, तिच्यावर नाव वल्हवायची नाही, तिला पार करायचे नाही. एवढ्या लांब नदीजवळ राहून तिचा वाहतुकीला, वेळ वाचवायला काहीही उपयोग करून घ्यायचा नाही. वरून परक्या दारी जेवायचे. नोकरी, जात, गाव काही विचारले जात नाही. मध्य प्रदेशात तर “किती माणसे?” असेही विचारीत नाहीत, “किती मूर्ती?” असे विचारतात आणि तेवढा शिधा काढतात. टेंबे स्वामींसारखे कोकणातल्या माणगावचे संन्यासी या काठावर आले आणि १९१४ साली गरुडेश्वरला त्यांनी देह ठेवला. आजही मराठी माणसे या वाटेवर फार दिसतात.

वाढणाऱ्यांची बाजू मला घरातच पाहायला मिळते. माझी आजी कधी नर्मदेला गेली नाही. तिने नर्मदा पाहिलेलीही नाही. पण ज्वारी दळायला देताना कार्तिकापासून ती दोन पायली जास्त देते, आणि दारात “नर्मदे हर” ऐकू आले की परातीत पीठ, थोडी डाळ आणि मीठ-मिरची घेऊन जाते. मी तिला म्हटले, “आजी, ही माणसे नदी सोडून आपल्या गावातून जातात, मग यांची परिक्रमा खरी कशी?” आजी म्हणाली, “त्यांचं ते बघतील. आपल्याला पीठ द्यायचं आहे.” नंतर थोडे थांबून तिने विचारले, “नदी कोणत्या अंगाला आहे म्हणालास?” मी उत्तरेला, डोंगराकडे बोट दाखविले. तेव्हापासून ती दारात उभी राहून शिधा देताना तिकडे एकदा हात जोडते.

आणि माझा तो पावरा मित्र? त्याच्या घरच्यांना बुडितानंतर तळोदा तालुक्यात पुनर्वसनाची जमीन मिळाली. त्यांचे जुने गाव पाण्याखाली आहे. गेल्या माघात एक परिक्रमावासी टोळी त्यांच्या नव्या वसाहतीत मुक्कामाला होती. त्याच्या वडिलांनी त्यांना विचारले की, तुम्ही नदीभोवती फिरता तर आमचे जुने गावही तुमच्या फेरीच्या आत येते काय? टोळीतल्या एकाने जमिनीवर काठीने नदी काढली, बाहेरून रेघ ओढली, आणि म्हणाला, “हो, आत येते.” वडिलांनी त्या रेघेच्या आत एक खडा ठेवून आपले गाव दाखविले, आणि मग सर्वांना जेवायला बसविले.